धूर, आग आणि आकडा : 'सिग्निफिकंट' या शब्दाची गोष्ट

आज मी एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द इंग्रजी आहे, 'सिग्निफिकंट'. वर्तमानपत्रात रोज भेटतो, औषधांच्या बातम्यांत भेटतो, आपल्या मुला-नातवंडांच्या प्रबंधांत तर पानोपानी भेटतो. मराठीत त्याचं काय होतं? कुणी 'महत्त्वपूर्ण' लिहितं, कुणी 'लक्षणीय', कुणी 'उल्लेखनीय', कुणी 'अर्थपूर्ण'. संख्याशास्त्रातली मंडळी 'सार्थ' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं, सगळे एकाच अर्थाचे शब्द, चव बदलायला वेगवेगळे वापरलेत. तसं नाही. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न मिसळले की उत्तरं चुकतात, आणि कधी कधी त्या चुकीवर माणसं पैसे घालतात, लग्नं मोडतात, औषधं घेतात.

माझं शिक्षण तत्त्वज्ञानाचं. संख्याशास्त्राकडे मी आलो तो अनुमानाच्या प्रश्नातून. जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते आपण कसं ठरवतो? आपल्याकडे न्यायशास्त्राने यावर शतकानुशतकं डोकं खपवलेलं आहे. त्यातलं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच : डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे. धुराला नैयायिक 'लिंग' म्हणतात, म्हणजे खूण, चिन्ह. आता एवढंच लक्षात ठेवा की धुरावरून आग आहे हे कळतं. ती शेकोटी आहे की वणवा, हे नुसत्या 'धूर आहे' या वाक्यातून कळत नाही. आणि गावकऱ्यांनी बादल्या घेऊन धावायचं की नाही, हे तर त्याहून वेगळं. आजचं सगळं व्याख्यान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याबद्दल आहे, म्हटलं तरी चालेल.

आधी शब्दाचा जन्म बघू. 1885 साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा सुवर्णमहोत्सव होता. त्या निमित्ताने फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध वाचला. त्यात एक उदाहरण होतं. 2,315 गुन्हेगारांची उंची मोजलेली होती आणि सर्वसाधारण लोकांपैकी 8,585 प्रौढ पुरुषांची. दोन सरासऱ्यांत सुमारे दोन इंचांचा फरक निघाला. एजवर्थचा प्रश्न असा, की हा फरक 'सिग्निफिकंट' आहे का? त्याला म्हणायचं होतं, की हा फरक कशाची तरी खूण आहे, की माणसं निवडताना योगायोगाने पडलेला आहे? लॅटिन मुळातही तेच आहे. चिन्ह दाखवणं, सूचित करणं. म्हणजे आपलं 'लिंग'च. एजवर्थ धुराबद्दल विचारत होता. दोन इंच म्हणजे मोठा फरक का, त्याचं तुरुंगात किंवा समाजात काही महत्त्व आहे का, हे त्या प्रश्नात नव्हतं.

पुढे 1925 साली रोनाल्ड फिशरचं संशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक आलं, आणि हा शब्द शेतकीपासून वैद्यकापर्यंत सगळीकडे पोचला. वीसात एक, म्हणजे शंभरात पाच, ही रेषा त्याच्यामुळे रूढ झाली. केवळ योगायोग असता तर इतका किंवा याहून जास्त फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता; असं असेल तर त्याला सिग्निफिकंट म्हणायचं. शंभरात किती वेळा, या आकड्याला आज आपण पी-मूल्य म्हणतो. गंमत बघा, 1926 च्या लेखात फिशरनेच म्हटलेलं आहे की वीसात एक ही त्याची सोय आहे, कुणाला पन्नासात एक किंवा शंभरात एक घ्यायचं तर घ्यावं. म्हणजे ती रेषा निसर्गाने आखलेली नाही. सोयीची रेषा आहे.

इकडे व्यवहारातल्या इंग्रजीत 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचा, मोठा, हा अर्थ बळावत गेला. शब्द एकच, आत दोन माणसं. एडविन बोरिंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1919 मध्येच बजावलं होतं की गणितातलं सिग्निफिकन्स आणि शास्त्रातलं महत्त्व या दोन गोष्टी आहेत. फिशरचं पुस्तक यायच्याही आधी. पण शब्द इतका सोयीचा होता की इशारा ऐकला कुणी नाही.

आता हे सगळं लंडन-अमेरिकेत ठेवून उपयोग नाही. आपण पुण्याला जाऊ. माझ्या माहितीत या चार-पाच शब्दांतला फरक समजावून देणारं याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते मराठी माणसांनी मराठी समाजावर केलेल्या प्रयोगातलं आहे.

2008 साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. कुंटे ज्या विभागातले, तो विभाग वि. शं. हुजूरबाजारांनी उभा केलेला. हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी, आणि जेफ्रीज हे फिशरच्या पी-मूल्याचे जुने टीकाकार. म्हणजे पुण्यात या शब्दाकडे डोळे उघडे ठेवून बघण्याची परंपरा होती, असं म्हणायला हरकत नाही.

चाचणी साधी होती. शंभर हुशार शाळकरी मुलं आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं, ज्यांना तेव्हा 'मतिमंद' म्हणत, अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळा आणि जन्मस्थळं गोळा करून कुंडल्या तयार केल्या. त्या मिसळल्या. कुठली कुंडली कुणाची, याची किल्ली बंद ठेवली. ज्योतिषांना आवाहन केलं, आणि प्रत्येकाला त्यातल्या चाळीस कुंडल्या दिल्या. त्यांनी फक्त एवढंच सांगायचं, की हे मूल हुशार की मतिमंद. दोनच पर्याय. एक्कावन्न ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. शिवाय एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासून दिल्या. निकाल 2009 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

नाणेफेक केली तर चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येतील. उत्तीर्ण व्हायची रेषा ठेवली होती अठ्ठावीसवर. सत्तावीस ज्योतिषांमध्ये सर्वात जास्त गुण होते 24. त्याच्या मागोमाग दोघांना 22. बाकीचे वीस किंवा त्याखाली. संस्थेची दोनशेपैकी 102 उत्तरं बरोबर आली.

आता एकेक शब्द घेऊ.

पहिला 'उल्लेखनीय', इंग्रजीतला 'नोटेबल'. चोवीस हा आकडा उल्लेखनीय आहे का? आहे की. सत्तावीस जणांत तो पहिला आला. तुम्ही-मी बातमी लिहिली असती तर त्याचा उल्लेख केलाच असता. साठ टक्के! दहावीच्या भाषेत फर्स्ट क्लास. 'उल्लेखनीय' हा शब्द सांगतो की माझी नजर इथे गेली, तुमचीही जावी. याला कसलीही कसोटी लागत नाही, आणि त्यात काही वाईट नाही. फक्त तो शब्द त्यापुढे काही सिद्ध करत नाही.

दुसरा प्रश्न, की हा आकडा 'सार्थ' आहे का? म्हणजे धूर आहे का? त्यासाठी विचारायचं, की नुसतं नाणं उडवणाऱ्या माणसाला चाळीसात चोवीस किंवा त्याहून जास्त मिळण्याची शक्यता किती? गणित केलं तर येते शंभरात सुमारे तेरा. म्हणजे एकट्या माणसापुरतंही हे फार दुर्मीळ नाही. पण इथे माणसं सत्तावीस होती. सत्तावीस जणांना नाणी उडवायला बसवलं, तर त्यांतल्या तीन-चार जणांना चोवीस किंवा जास्त मिळतील, अशी अपेक्षा असते. निदान एकाला तरी मिळण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के. प्रत्यक्षात मिळाले एकालाच. म्हणजे पहिला येणारा कुणी ना कुणी असतोच, शर्यत कासवांची असली तरी. आकडा उल्लेखनीय, पण सार्थ नाही.

आता माझ्यासारख्या माणसाला इथे नैयायिकांची आणखी एक गोष्ट आठवते. ते सांगतात, की लांबून वाफ किंवा धूळसुद्धा धुरासारखी दिसते. वाफेला धूर समजून आगीचं अनुमान केलं तर ते फसतं. संख्याशास्त्रातली रेषा याच फसगतीला आळा घालण्यासाठी आहे. चाचणी घेणाऱ्यांनी रेषा अठ्ठावीसवर का ठेवली असेल, हे यातून समजतं. समजा त्यांनी शंभरात पाच हीच रूढ रेषा धरली असती, तर ती सव्वीसवर आली असती. नाण्याने सव्वीस किंवा जास्त मिळायची शक्यता शंभरात चार आहे. पण सत्तावीस जण नाणं उडवत असले, तर त्यांतला निदान एक जण निव्वळ योगायोगाने ही रेषा ओलांडण्याची शक्यता तीनात दोन इतकी होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा आला असता : ज्योतिष सिद्ध झालं! अठ्ठावीसवर ठेवली की ही शक्यता पाचात एकवर येते. म्हणून जेव्हा कुणी 'सार्थ फरक आढळला' म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा, की किती ठिकाणी शोधलंत? वीस ठिकाणी वाफ बघितली की एके ठिकाणी ती धुरासारखी दिसतेच.

तिसरा शब्द 'मार्जिनल'. हा इंग्रजीतला फार लबाड शब्द आहे, कारण त्यात दोन अर्थ लपलेत. मराठीने मात्र ते वेगळे ठेवलेत. एक 'किरकोळ', म्हणजे परिणाम छोटा. दुसरा 'काठावरचा', म्हणजे रेषेच्या अगदी जवळ, जसं आपण म्हणतो, काठावर पास झाला. समजा एखाद्या ज्योतिषाला पंचवीस मिळाले असते. नाण्याने पंचवीस किंवा जास्त मिळण्याची शक्यता शंभरात साडेसात-आठ. रूढ रेषेवर तो नापास. सव्वीस मिळाले असते तर शंभरात चार, पास. दोघांत फरक किती? एका कुंडलीचा. पंचवीसवाल्याला शोधनिबंधात लिहितात 'मार्जिनली सिग्निफिकंट'. वाचणाऱ्याला वाटतं की परिणाम किरकोळ होता. पण चाळीसात पंचवीस म्हणजे साडेबासष्ट टक्के, तो परिणाम किरकोळ नाहीच, पुरावा काठावरचा आहे. आणि उलटही होतं : परिणाम खरोखर किरकोळ आणि पुरावा अगदी भक्कम, असंही असतं. त्याच्याकडे आता येतो.

संस्थेचा निकाल आठवा. दोनशेत 102, म्हणजे एक्कावन्न टक्के. नाण्याच्या अपेक्षेपेक्षा दोन जास्त. याला सार्थ कुणीच म्हणणार नाही, आणि चाचणी घेणाऱ्यांनीही म्हटलं नाही. पण आपण कल्पना करू. समजा त्या संस्थेचं कौशल्य खरंच एक्कावन्न टक्के आहे, आणि आपण त्यांना दोनशेऐवजी एक लाख कुंडल्या दिल्या. एक्कावन्न हजार बरोबर आल्या. आता काय होईल? एक लाख वेळा नाणं उडवलं तर पन्नास हजारांच्या आसपास साधारण दीडशे-एकशेसाठचा चढउतार होतो. इथे चढ हजाराचा आहे. योगायोगाने असं घडण्याची शक्यता शंभर कोटींत एकदाही नाही. पी-मूल्य इतकं छोटं की लिहिताना शून्यं मोजावी लागतील. संगणक शेजारी तीन चांदण्या छापेल.

आणि कौशल्य तेच! एक्कावन्न टक्के. शंभर मुलांच्या कुंडल्या बघून नाण्याने पन्नास बरोबर ओळखली असती, यांनी एक्कावन्न ओळखली. एक मूल जास्त. धूर नक्की आहे. आग काडेपेटीतल्या काडीएवढी.

म्हणून 'सब्स्टॅन्शिअल', आपलं 'भरीव', हा वेगळा शब्द लागतो. 'भरीव' सांगतो किती. 'सार्थ' सांगतो, योगायोगापासून वेगळं दिसतंय का. सार्थता दोन गोष्टींवर उभी असते : परिणाम किती मोठा, आणि नमुना किती मोठा. नमुना वाढवत गेलात तर राईएवढा परिणामही सार्थ होतो. नमुना लहान ठेवलात तर डोंगराएवढाही कधी कधी दिसत नाही. त्यामुळे फक्त 'सार्थ' हा शब्द ऐकून परिणामाचा आकार सांगता येत नाही, एवढं समजलं तरी निम्मं काम झालं.

या दुसऱ्या बाजूकडेही थोडं बघायला हवं, नाहीतर आपण ज्योतिषांवर अन्याय करू. एखाद्या ज्योतिषाचं खरं कौशल्य साठ टक्के असेल तर? चाळीस कुंडल्यांत त्याला अठ्ठावीस मिळण्याची शक्यता शंभरात जेमतेम तेरा. म्हणजे खरोखर साठ टक्के कौशल्याची माणसंही बहुतेक नापासच होतील. म्हणून 'अठ्ठावीस मिळाले नाहीत' यावरून 'काहीच कौशल्य नाही' हे एकट्या माणसाबद्दल सिद्ध होत नाही. धूर दिसला नाही म्हणजे आग नाहीच असं नाही. धुकं असेल, आपण लांब असू. 'सार्थ नाही' याचं भाषांतर 'फरक नाही' असं करणं ही त्या शब्दाची सगळ्यात रुळलेली चूक आहे.

मग त्या चाचणीतून काय कळलं? इथे आकड्याभोवतीचा पल्ला बघायचा. दोनशेत 102 या निकालाशी सुसंगत असं खरं कौशल्य अंदाजे चव्वेचाळीस ते अठ्ठावन्न टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. साठ टक्के त्याच्या बाहेर पडलं. सत्तर, ऐंशी, नव्वद तर दूरच राहिले. आणि वैयक्तिक ज्योतिषांचं म्हणाल, तर कुणी नव्वद टक्क्यांचा असता तर तो अठ्ठावीसच्या रेषेवरून चालत गेला असता. तसा एकही निघाला नाही. सत्तावीस जणांची सरासरी तर वीसच्याही खाली होती. हे वाक्य 'सार्थ फरक आढळला नाही' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. अर्थात हे सांगतं ते उत्तरं पाठवणाऱ्यांबद्दल. ज्या चोवीस जणांनी कुंडल्या घेऊन उत्तरं दिली नाहीत, त्यांच्याबद्दल चाचणी मौन आहे. आणि बुद्धीबद्दल सांगते. विवाह, धनयोग यांची चाचणी ही नव्हती.

आता शेवटचा शब्द, 'अर्थपूर्ण', इंग्रजीत 'मीनिंगफुल'. वादासाठी त्या पल्ल्याचं वरचं टोक धरू : अठ्ठावन्न टक्के. अठ्ठावन्न टक्के अर्थपूर्ण आहे का? हा प्रश्न संख्याशास्त्राचा नाहीच. तो विचारणारा माणूस काय ठरवणार आहे, यावर ते अवलंबून. एखाद्या आईला आपलं मूल कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवायचंय. कुंडली बघून शंभरात बेचाळीस वेळा चुकणारा सल्ला तिच्या काय कामाचा? शिक्षिका महिनाभर मुलाबरोबर बसली तर त्याहून किती तरी चांगलं सांगेल. तिच्यासाठी अठ्ठावन्न निरर्थक. तेच अठ्ठावन्न टक्के एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला मात्र झोप येऊ देणार नाही, कारण जन्मवेळच्या ग्रहांचा बुद्धीशी तसूभर जरी संबंध खरा निघाला, तरी त्याचं सगळं शास्त्र पुन्हा तपासावं लागेल. आकडा एक, माणसं दोन, अर्थ दोन. म्हणून 'अर्थपूर्ण' लिहिताना लगेच पुढे लिहावं लागतं, कुणाला आणि कशासाठी. ते लिहिता येत नसेल तर शब्द वापरू नये.

ज्योतिषाचं उदाहरण नकाराचं झालं. जिथे सगळे शब्द एकत्र जुळून येतात असंही एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे, ते थोडक्यात सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून हे काम दिलं, सत्तेचाळीस गावं तुलनेसाठी ठेवली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर बासष्ट टक्क्यांनी घटला होता. पी-मूल्य हजारात एकाहून कमी.

यात 'हजारात एकाहून कमी' हे फक्त धुराचं. 'बासष्ट टक्के' हे आकाराचं. तो भरीव आहे. पण तिथेही थांबू नका. मुळात तिथे हजार जन्मांमागे साठच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, म्हणून बासष्ट टक्के म्हणजे हजारी सदतीसच्या आसपास जीव. जिथे मुळात हजारी पाचच दगावतात, तिथे तेच बासष्ट टक्के म्हणजे तीन जीव. टक्केवारी एकच, भरीवपणा वेगळा. आणि मग अहवालातली माझ्या मते सगळ्यात बोलकी ओळ : 1996-97 मध्ये अशी काळजी घेतलेल्या दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला, पोटातला किंवा जन्मानंतरचा, आणि खर्च आला दर बाळामागे 5.3 डॉलर. हे 'अर्थपूर्ण'. कारण यावर निर्णय घेता येतो. पुढे आशा ताईंमार्फत देशभर घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम सुरू झाला. नुसत्या पी-मूल्यावर कुठलं सरकार एवढं मोठं काम हाती घेईल?

आता मराठीत लिहायचं कसं, हे सांगून संपवतो. तांत्रिक अर्थ असेल तिथे 'संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ' म्हणा, आणि कसोटीचा आकडा द्या. 'लक्षणीय' या शब्दाचं मला वाईट वाटतं. 'लक्षण' म्हणजे खूणच, त्यामुळे एजवर्थच्या अर्थाला तो चपखल बसला असता. पण आज 'लक्षणीय वाढ' म्हटलं की सगळ्यांना मोठी वाढच कळते. तो शब्द आता तांत्रिक कामाला उरलेला नाही, तेव्हा तिथे वापरू नये. आकारासाठी 'भरीव' किंवा 'किरकोळ', आणि सोबत आकडा. रेषेजवळच्या पुराव्याला 'काठावरचा'. नजरेत भरलं, एवढंच म्हणायचं असेल तर 'उल्लेखनीय'. निर्णय बदलणारं असेल तर 'अर्थपूर्ण', कुणासाठी ते सांगून. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची अडचण इतकी झाली, की 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला पी-मूल्याबद्दल निवेदन काढून सांगावं लागलं, की त्यावरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजलं जात नाही. 2019 मध्ये त्यांच्याच नियतकालिकाच्या संपादकीयाने तर 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' हा शब्दप्रयोगच सोडून द्या म्हटलं. आपल्याकडे वेगवेगळे शब्द आधीपासून हजर आहेत. ते एकमेकांच्या जागी बसवायची काही गरज नाही.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, मी महाविद्यालयात शिकवते. मुलं प्रबंधात 'हायली सिग्निफिकंट' लिहितात, आणि परीक्षकही खूश होतात. ते चूक का?

उत्तर : ताई, ते 'हायली' कशाला लावलंय ते मुलांना विचारा. पी-मूल्य फार लहान आहे, एवढंच त्यांना म्हणायचं असेल, तर पी-मूल्यच लिहू दे, विशेषण कशाला? पण बहुतेकदा त्यांच्या मनात असतं, की परिणाम खूप मोठा आहे. मग त्यांना लाख कुंडल्यांचा हिशेब करायला सांगा. तिथे पी-मूल्य तुम्ही आजवर पाहिलेल्या कुठल्याही प्रबंधातल्यापेक्षा लहान असेल, आणि परिणाम शंभरात एक कुंडली. एक सोपी पद्धत सांगतो. मुलाच्या वाक्यातला 'सिग्निफिकंट' शब्द खोडायचा, आणि त्या जागी तीन छोटी वाक्यं लिहून घ्यायची. फरक किती निघाला, मोजमापाच्या एककासह. तो खरा किती ते किती असू शकतो. आणि एवढ्या फरकाने कुणाचा कुठला निर्णय बदलेल. तिसरं वाक्य लिहिताना मुलं अडतात. अडू द्या. त्यांचा अभ्यास नक्की कशाबद्दल होता, हे बऱ्याच जणांना त्या वेळी पहिल्यांदा कळतं.

प्रश्न : मग पी-मूल्य द्यायचंच नाही का?

उत्तर : द्यायचं ना. वाफेला धूर म्हणण्यापासून ते आपल्याला वाचवतं. पुण्याच्या त्या चाचणीत चोवीस गुणांवरून मथळा झाला नाही, तो याच हिशेबामुळे. फक्त ते पहिल्या वाक्यात नको. आधी आकार, मग पल्ला, मग पी-मूल्य. मुलांना या क्रमाने लिहायची सवय लागली, की 'हायली' आपोआप गळून पडेल.